मावशींचं पेर

मावशी जाणार ही बातमी आमच्या वसतिगृहात सोमवारी सकाळी पोह्यांबरोबर आली. लेकाला चाकणला नोकरी, सून बाळंत झालेली, नातवाला सांभाळायला कोणी नाही. "महिनाअखेरीपर्यंत आहे हं मी," असं सांगून त्यांनी दुसऱ्या रांगेत वाढायला घेतलं. कुणाच्या घशाखाली पोहे उतरेनात. एरवी ते उतरत नाहीत, त्याची कारणं वेगळी असतात.

मी त्या वर्षी मेस सेक्रेटरी होतो. हे पद निवडणुकीनं मिळत नाही. मीटिंगला उशिरा येणाऱ्याला ते मिळतं. काम एवढंच, की वहीत खाडे धरायचे, भाजीवाल्याची उधारी ऐकून घ्यायची आणि आमटी पातळ झाली की शिव्या खायच्या. मावशींच्या जागी येणारे महाराज १ तारखेला येणार होते. आणि आषाढी एकादशी ४ तारखेला.

आमच्याकडे आषाढीला ७० पोरं उपास करतात. त्यातली ६० पोरं एरवी देवळासमोरून जाताना चप्पलसुद्धा काढत नाहीत. उपास विठ्ठलाचा नसतो, मावशींच्या साबुदाणा खिचडीचा असतो. दाणा न् दाणा सुटा, तरी मऊ. त्यामुळे खिचडीची कृती मावशींकडून लिहून घ्यायची, असा ठराव झाला. मी मेकॅनिकलला असल्यामुळे 'मोजमाप याला कळतं' असं सर्वांनी ठरवलं. वजनकाटा आणि वही घेऊन मी मुदपाकखान्यात उभा राहिलो.

"मावशी, साबुदाणा किती?"

"पाच किलो."

मला भरून आलं. किलोत उत्तर! पण ते सुख फार टिकलं नाही.

"मीठ?"

"दोन मुठी. वर चिमूट."

मी त्यांची मूठ काट्यावर ओतायला लावली. ५६ ग्रॅम. परत भरायला लावली, ५५. तिसऱ्यांदा ५६. मग माझी मूठ भरली. ७१, ४८, ६३. "तुझ्या मुठीत कायम काहीतरी सांडतं बघ," मावशी म्हणाल्या. माझ्या एकूण आयुष्याबद्दल इतकं थोडक्यात कुणी बोललं नव्हतं.

दाण्याचं कूट अडीच किलो, पण भरड. पीठ केलं तर तेल सुटतं आणि खिचडी बसते. कूट, मीठ, साखर कढईत घालायची नाही, आधी भिजलेल्या साबुदाण्याला हातानं चोळायची, म्हणजे प्रत्येक दाण्याला कुटाचा अंगरखा बसतो आणि दाणे एकमेकांना धरत नाहीत. पाचच्या पाच किलो एकदम परतायला जायचं नाही. खालचे दाणे वरच्यांच्या भारानं चेपतात. तीन घाण्यांत करायची. हे सगळं मी लिहीत होतो. खरं सगळं भिजवण्यातच आहे, असं त्या म्हणाल्या तेव्हा मी पान उलटलं.

"रात्री दोन पाण्यांनी धुवायचा. वरची पांढरी पिठी गेली पाहिजे. मग पातेल्यात सारखा करायचा आणि दाण्याच्या वर एक पेर पाणी ठेवायचं. निजायच्या आधी एकदा हात घालून खालचा साबुदाणा वर आणायचा, नाहीतर तळाचा लगदा होतो आणि वरचा कचकचतो. सकाळी दाणा अंगठ्याखाली दाबायचा. सपाट झाला, मध्ये खडा लागला नाही, की झालं."

"पेर म्हणजे किती मावशी?"

त्यांनी तर्जनी पुढे केली. मी पट्टी लावली. अडीच सेंटिमीटर. माझं पेरही अडीच! मुठीत हरलो होतो, बोटात बरोबरी झाली. वहीत मी अधोरेखित केलं: पाणी, २.५ सेंमी.

आता निरोपाचा प्रश्न. वर्गणी जमली २,१४० रुपये. कुणी साडी म्हणालं, कुणी मिक्सर. शेवटी त्यांनाच विचारलं. मावशी बराच वेळ घोळल्या आणि म्हणाल्या, "ते चेपकं पातेलं दिलंत तर बघा."

चेपकं पातेलं म्हणजे जर्मनचं, उंच, अरुंद तोंडाचं, एका बाजूनं ट्रंकेसारखं आत गेलेलं. ते आधी कशात वापरत होते कुणास ठाऊक. मावशी त्यात फक्त साबुदाणा भिजवायच्या. आम्हाला तर लॉटरी लागली. भंगारात १०० रुपयेसुद्धा न येणारं भांडं देऊन निरोप होणार! रेक्टरांनी लगेच परवानगी दिली, वर म्हणाले, "वर्गणीतून नवीन आणा." मीच तुळशीबागेत जाऊन छान, पसरट, चकचकीत टोप आणला. पोरं म्हणाली, काय रुबाबदार आहे.

पातेल्यावर नाव घालायचं ठरलं. दुकानदारानं यंत्र सुरू केलं, किर्र आवाज झाला आणि त्यानं विचारलं, "नाव काय?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. तीन वर्षं दोन वेळचं जेवलो होतो. मी वसतिगृहात फोन लावून पगारपत्रक बघायला सांगितलं. त्यात 'स्वयंपाक, बाई' असं होतं. दुकानदार घाईत होता. शेवटी 'मावशी' असं घातलं. मोठ्या अक्षरात घातलं, म्हणजे आमची लाज तेवढी झाकेल.

३० तारखेला मावशींनी स्वतःच्याच निरोपाचा स्वयंपाक केला, कारण दुसरा कोण करणार? मसालेभात, मठ्ठा, जिलबी विकतची. भाषण कुणालाच जमलं नाही. त्यांनी पातेलं उलटं करून नाव वाचलं, 'मावशी', आणि हसल्या. मग रिक्षात बसताना ते मांडीवर घेतलं.

३ तारखेच्या रात्री महाराज आणि मी साबुदाणा भिजवला. दोन पाणी, पिठी गेली, नव्या टोपात सारखा केला, वर पट्टी धरून अडीच सेंटिमीटर पाणी. निजायच्या आधी खालचा वर केला. पहाटे पाचला झाकण काढलं. दाणा दाबायची गरजच पडली नाही. दाणा असा कुठे नव्हताच. टोपात एक एकसंध, पांढरी, लुकलुकणारी वस्तू होती.

मावशींना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. नातू जागाच असावा, मागे रडत होता.

"पेर घेतलं होतं?"

"मोजून घेतलं मावशी. पट्टीनं."

"पातेलं कुठलं?"

"नवीन. पसरट."

पलीकडे शांतता. मग त्या हसायला लागल्या. मलाही तेव्हाच उजाडलं. जुन्याचं तोंड फूटभर, नव्याचं पावणेदोन फूट. तोंड पावणेदोनपट म्हणजे क्षेत्रफळ तिप्पट. त्याच एका पेरात साडेतीन लिटरहून जास्त पाणी चढलं होतं. फ्लुइड मेकॅनिक्सला मला ७२ मार्क होते.

"चाळणीत उपस. धोतराच्या नाहीतर चादरीच्या कापडावर पसर, पंखा लाव. तासाभरानं कूट अर्धा किलो वाढवून चोळ. सुटी नाही होणार, पण थालीपिठं थापता येतील. बटाटे उकडून घाल."

"मावशी, ते पातेलं दोन दिवस परत मिळेल का?"

"नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. "त्यात सुनेसाठी डिंकाचे लाडू भरलेत."

७० पोरांनी थालीपिठं खाल्ली. दुसऱ्या दिवशी खाड्यांच्या वहीत कुणीतरी माझ्या नावापुढे लिहिलं होतं: 'कायमचा'.