फोटोत डेल्टा आला नाही, म्हणून अंगठ्यावरचे चक्र शंख होत नाही

“बोटाचा जवळून फोटो काढा आणि फक्त मध्य पाहा. गोल दिसला तर चक्र, वळण दिसले तर शंख, बाकी सगळ्या कमानी. शंखाचे तोंड उजवीकडे असेल तर तो उजवा हात.”

हा संदेश गेल्या आठवड्यात दादरला राहणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने घरातल्या सगळ्यांच्या बोटांचे फोटो काढून वहीत यादीही केली. त्या यादीत माझ्या उजव्या अंगठ्यापुढे “शंख” असे लिहिलेले आहे, आणि ते साफ चुकीचे आहे.

चुकीचे मूळ “फक्त मध्य पाहा” या सूचनेत आहे. बोटांच्या ठशांच्या वर्गीकरणावरील एडवर्ड हेन्री यांच्या १९०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून ठशाचा नमुना ठरवताना मध्याइतकेच डेल्टाकडे, म्हणजे तीन दिशांनी आलेल्या रेषा जिथे त्रिकोण करतात त्या जागेकडे पाहिले जाते. शंखात रेषा ज्या बाजूने येतात त्याच बाजूला वळून परत जातात आणि डेल्टा एकच असतो, तर चक्रात डेल्टा दोन असतात. माझ्या अंगठ्यावर दोन फास एकमेकांत अडकून नागमोडी आकार झाला आहे, त्यामुळे मध्यभागी गोल मुळीच नाही. समोरून काढलेल्या फोटोत त्यातला एकच फास ठळक दिसतो आणि दोन्ही डेल्टा बोटाच्या कडांना असल्याने चौकटीबाहेर राहतात. मी मावशीसमोरच अंगठा आधी डावीकडे आणि मग उजवीकडे वळवून, बाजूने तिरपा उजेड पाडून आणखी दोन फोटो काढले, तेव्हा प्रत्येकात एकेक डेल्टा स्पष्ट आला. हेन्री पद्धतीत अशा जोडफासाच्या ठशाला संमिश्र म्हणतात आणि वर्गीकरणाचा अंक देताना त्याला चक्रांबरोबर धरतात.

“बाकी सगळ्या कमानी” हेही तितकेच घातक आहे. कमानीत रेषा एका कडेने येतात, मध्ये उंचावतात आणि दुसऱ्या कडेने निघून जातात. हा प्रवास प्रत्यक्ष दिसला तरच कमान म्हणावे. असे नमुने शेकडा पाचच्या आसपास असतात, त्यामुळे वहीत दहापैकी चार कमानी निघाल्या तर आधी फोटो अस्पष्ट आहे का, हे तपासावे.

हाताच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. बहुतेक शंखांचे तोंड करंगळीकडे असते आणि शाईच्या ठशात उजव्या हाताचे असे शंख उजवीकडेच उघडतात. परंतु कागदावरचा ठसा ही बोटाची उलट प्रतिमा असते. बोटाच्या थेट फोटोत तोच शंख डावीकडे उघडतो. शिवाय तर्जनीवर अंगठ्याकडे तोंड असलेले शंख बऱ्याचदा आढळतात. त्यामुळे तोंडाच्या दिशेवरून हात ठरवू नये. फोटो काढतानाच हात आणि बोट लिहून ठेवावे.