फ्लोट आठ दिवसांचा, पण तो नेमका कोणाचा?

दावा असा: “शेड्यूलमध्ये एखाद्या कामासमोर ८ दिवसांचा फ्लोट दिसत असेल, तर ते काम ८ दिवस उशिरा केले तरी कोणाचेही काही बिघडत नाही. तो वेळ त्या कामाचा स्वतःचा असतो. फ्री फ्लोट आणि टोटल फ्लोट हा भेद फक्त परीक्षेपुरता आहे.”

फ्लोट म्हणजे कामाला जेवढा उशीर चालतो तेवढा वेळ: प्रकल्पाची अंतिम तारीख न हलवता चालणारा उशीर म्हणजे टोटल फ्लोट, आणि लगेच पुढचे कामही न हलवता चालणारा उशीर म्हणजे फ्री फ्लोट. एका पंपघराचे छोटे नेटवर्क, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची साखळी, घेऊ. आराखड्याच्या मंजुरीला ६ दिवस लागतात. त्यानंतर तीन कामे एकाच वेळी सुरू होतात: पंपघराचे बांधकाम २० दिवस, केबलसाठी चर खोदणे ५ दिवस आणि विद्युत पॅनेल मागवून जागेवर आणणे १२ दिवस. चर झाला की केबल टाकायला ४ दिवस लागतात. केबल आणि पॅनेल दोन्ही तयार झाल्यावर शेजारच्या तयार खोलीत पॅनेल बसवून जोडणी करायची, त्याला ३ दिवस. शेवटी, बांधकाम आणि जोडणी पूर्ण झाल्यावर, पंप बसवून चाचणी करायला ८ दिवस. मंजुरी, बांधकाम आणि चाचणी हा क्रिटिकल पाथ, म्हणजे अजिबात फ्लोट नसलेली सर्वांत लांब साखळी, असून प्रकल्प ३४व्या दिवसाअखेर संपतो.

आता केबलचे काम जवळून पाहू. चर ११व्या दिवशी संपतो, म्हणून केबल लवकरात लवकर १५व्या दिवशी पूर्ण होते. उलट दिशेने मोजत आल्यास, चाचणी २६व्या दिवसानंतर सुरू व्हायची आहे आणि जोडणीला ३ दिवस हवेत, तेव्हा केबल २३व्या दिवसापर्यंत संपली तरी प्रकल्प वेळेत होतो. २३ वजा १५, म्हणजे टोटल फ्लोट ८ दिवस. पण पॅनेल १८व्या दिवशी येणार असल्याने जोडणी तेव्हाच सुरू होऊ शकते. १८ वजा १५, म्हणजे फ्री फ्लोट फक्त ३ दिवस.

केबल ३ दिवस रेंगाळली तर खरोखरच कोणाला काही जाणवणार नाही. ती ८ दिवस रेंगाळली तर प्रकल्पाची अंतिम तारीख टिकते, पण १८व्या दिवसानंतर येण्यास सांगितलेले जोडणीचे पथक ५ दिवस खोळंबते, आणि जोडणीचा स्वतःचा ५ दिवसांचा फ्लोट शून्यावर येऊन तीही क्रिटिकल होते. त्यानंतर जोडणीत एक दिवस चुकला की चाचणी एक दिवस पुढे जाते. “कोणाचेही” हा शब्द इथेच खोटा ठरतो.

“स्वतःचा वेळ” हे म्हणणे तर अधिक धोक्याचे आहे. चर खोदण्याचाही टोटल फ्लोट ८ दिवस आहे, पण त्याचा फ्री फ्लोट शून्य आहे, कारण चर संपताच केबल सुरू व्हायची आहे. चर आणि केबल यांच्यासमोर दिसणारे ८ दिवस हे त्या साखळीचे एकच ८ दिवस असून तक्त्यात ते दोनदा छापलेले असतात. चर खोदणाऱ्याने ४ दिवस वापरले की केबलचा टोटल फ्लोट ४ आणि फ्री फ्लोट शून्य होतो, जरी केबलवाल्याने काहीच चूक केलेली नसली तरी. दोघांनीही आपापले ८ दिवस वापरायचे ठरवले, तर केबल ३१व्या दिवशी संपेल, जोडणी ३४व्या आणि चाचणी ४२व्या दिवशी. म्हणजे प्रकल्प ८ दिवस उशिरा.

दाव्यात तथ्य आहे ते एवढेच की काही कामांचे दोन्ही आकडे सारखे असतात. इथे जोडणीचे दोन्ही फ्लोट ५ दिवसांचे आहेत, कारण तिच्यानंतर थेट क्रिटिकल काम येते. साखळीच्या अशा टोकाच्या कामांवरूनच हा गैरसमज रुजत असावा, असे मला वाटते.

परीक्षेच्या मुद्द्याबाबत सॉफ्टवेअरचाच दाखला पुरेसा आहे. Primavera P6 मध्ये एखाद्या कामाला As Late As Possible ही अट घातली, तर ते फक्त फ्री फ्लोटइतके पुढे सरकते आणि पुढचे काम जागेवर राहते. Microsoft Project मध्ये त्याच नावाची अट टोटल फ्लोट वापरते आणि पुढच्या कामांनाही सोबत ढकलू शकते. म्हणून केबलच्या कंत्राटदाराला सवलत द्यायची असेल तर Free Float (Microsoft Project मध्ये Free Slack) हा कॉलम पाहून ३ दिवस मोकळेपणाने द्यावेत. उरलेले ५ दिवस मात्र जोडणीच्या पथकाला विचारून, आणि त्याची तारीख बदलून, मगच द्यावेत.