वाटाघाटीत नोकरी वाचली, कसब नाही

“यंत्र आल्यावर कौशल्य जातेच, मग युनियन वाटाघाटीत नेमके वाचवते काय?”

न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतील खिळेजुळाऱ्यांचे, म्हणजे छपाईसाठी अक्षरे जुळवणाऱ्या कामगारांचे, उदाहरण पाहावे. लायनोटाइप यंत्राला ९० कळा असत, त्यांची मांडणी टाइपरायटरहून निराळी असे आणि वितळलेल्या धातूतून अख्खी ओळ ओतली जाई. हे अंगवळणी पडायला उमेदवारीची अनेक वर्षे लागत. संगणकीय अक्षरजुळणीत तेच काम साध्या टंकलेखनाच्या कळफलकावर आले आणि बातमीदाराने टंकलेला मजकूर पुन्हा जुळवण्याची गरजच उरली नाही. १९७४ मध्ये खिळेजुळाऱ्यांच्या युनियनने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ व ‘डेली न्यूज’ यांच्याशी दीर्घ मुदतीचा करार केला: मालकांना नवे तंत्र आणण्याची मोकळीक आणि तेव्हाच्या कायम कामगारांना आयुष्यभर नोकरीची हमी.

हा सौदा वाईट होता असे मी म्हणणार नाही. संप करूनही वृत्तपत्र छापता येईल असे तंत्र समोर असताना युनियनच्या हाती फारसे पत्ते नव्हते. पण हमी व्यक्तीला मिळाली, पदाला नाही. निवृत्तांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, शिकाऊ उमेदवारांची साखळी तुटली आणि १९७८ च्या जुलैत टाइम्सचे लायनोटाइप कायमचे थांबले. नियोजन व अंमलबजावणी यांची फारकत करून मालक कसब काढून घेतो, हे मार्क्सवादी विचारवंत हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ मध्येच मांडले होते. इथे मात्र त्या प्रक्रियेचा वेग आणि तिची भरपाई वाटाघाटीने ठरली, दिशा नव्हे.