प्रांत आधी, व्याख्या मागाहून

वाचकहो, आपण राष्ट्र उभारायला निघाला असाल, तर आधी राष्ट्राची व्याख्या ठरवून मग सीमा आखण्याचा नवशिका मार्ग धरू नये. मुरलेली मंडळी आधी प्रांत हेरतात आणि मग तो ज्या व्याख्येत बसेल ती व्याख्या पंडितांकडून मागवून घेतात. धडा गिरवायचा असेल तर ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीरावरचा, फ्रान्स आणि जर्मनी यांच्यामधला आल्सास नजरेसमोर ठेवावा, कारण एकाच प्रांतावर वंश-भाषेची आणि मनाची अशा दोन्ही व्याख्यांचे प्रयोग एवढ्या मनोभावे दुसरीकडे क्वचितच झाले असतील.

1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात जर्मन इतिहासकार मोमसेन यांनी सांगितले की आल्सासी माणूस जर्मन बोली बोलतो, सबब तो जर्मन आहे. आल्सासच्या मुख्य शहरात, स्ट्रासबर्गमध्ये, अध्यापन केलेले फ्रेंच इतिहासकार फ्युस्तेल द कुलांज यांनी उत्तर दिले की राष्ट्र वंशाने किंवा भाषेने ठरत नाही, तर माणसांच्या मनातल्या आपलेपणाने ठरते. दुसरा युक्तिवाद अधिक सुसंस्कृत आहे यात शंका नाही. मात्र तो करणाऱ्यांच्या हातून प्रांत निसटत चालला होता, एवढी बारीकशी गोष्ट आपण टिपून ठेवावी. 1871 मध्ये आल्सास जर्मनीला जोडला गेला. त्याच्या प्रतिनिधींनी बोर्दोला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेत निषेध नोंदवला, पण रहिवाशांचा कौल घेण्याची तसदी कोणी घेतली नाही. घरी परत आणलेल्या भावाला ‘तुला यायचे आहे का’ असे विचारणे बरे दिसत नाही.

भाऊ घरी आला की त्याला ओसरीवरच बसवावे. आल्सासला साम्राज्यातल्या इतर राज्यांचा दर्जा न देता बर्लिनच्या ताब्यातला मुलूख म्हणून ठेवण्यात आले आणि स्वतःची राज्यघटना मिळायला 1911 उजाडावे लागले. पुढे 1913 मध्ये त्साबेर्न गावच्या छावणीत एका तरुण लेफ्टनंटने नव्या शिपायांसमोर आल्सासी लोकांना एका हीन शब्दाने हिणवले, आणि झटापटीत त्यांच्यापैकी कोणाला भोसकल्यास दहा मार्क देण्याची तयारी दाखवली. रक्ताच्या नात्याची किंमत काढायची वेळ आलीच, तर हा दर हाताशी असावा.

आपला कल मात्र मनातल्या आपलेपणावर उभ्या नागरी राष्ट्रवादाकडे असेल, कारण सुशिक्षित माणसाला तोच शोभतो. 1882 मध्ये पॅरिसच्या व्याख्यानात फ्रेंच विचारवंत रेनान यांनी राष्ट्र म्हणजे रोजचे सार्वमत असे सांगितले. 1918 च्या नोव्हेंबरात जर्मनी महायुद्ध हरली आणि फ्रेंच सैन्य आल्सासमध्ये परतले, तेव्हा त्या रोजच्या सार्वमताचा एखादा दिवस तरी पाळला जाईल असे भाबड्यांना वाटले असेल. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वांकारे यांनी डिसेंबरात स्ट्रासबर्गमधला जल्लोष पाहिला आणि सार्वमत झाले आहे, असे जाहीर करून टाकले. मतपेट्यांचा खर्च वाचवण्याची ही रीत आपणही आत्मसात करावी.

यानंतरची पायरी सर्वांत नाजूक आहे, म्हणून तिथे घाई करू नये. मनातला आपलेपणा मोजण्याचे यंत्र अद्याप निघालेले नसल्यामुळे नव्या प्रशासनाने रहिवाशांचे आईबाप मोजले. ज्याचे घराणे 1871 पूर्वीपासून इथले किंवा फ्रान्समधले, त्याला तिरंगी पट्ट्यांचे ‘ए’ ओळखपत्र मिळाले. आईबापांपैकी एकच तसे असेल तर ‘बी’, घराणे मित्र वा तटस्थ देशातले असेल तर ‘सी’, आणि जर्मन किंवा ऑस्ट्रियन असेल तर ‘डी’. आता समजा, स्ट्रासबर्गमधल्या एका सुताराने नदीपलीकडच्या जर्मन बाडेनची मुलगी केली आहे. एकाच ताटाभोवती बाप ‘ए’, आई ‘डी’ आणि मुले ‘बी’ अशी तीन राष्ट्रे जेवायला बसतात. जुने जर्मन चलन बदलून घेताना बापाला एका मार्कचे सव्वा फ्रँक मिळतात. आईच्या गाठीशी तेच मार्क असले, तरी तिला त्याहून बराच कमी दर मिळतो, कारण नाण्यालाही वंश असतो. इकडे चौकशी समित्या शेजाऱ्यांच्या तक्रारी ऐकून घेतात (जुनी भांडणे मिटवायला याहून स्वस्त न्यायालय नाही), आणि ‘डी’वाल्यांपैकी कित्येकांना हातात मावेल तेवढ्या सामानानिशी केहलच्या पुलावरून नदीपार धाडले जाते. दुतर्फा हुर्यो करायला गर्दी जमेल, याची काळजी आपण करू नये. व्याख्यानातले राष्ट्र मनाचेच राहते. कचेरीत मात्र आजोबांचा जन्मदाखला सोबत आणावा.

शेवटी स्मारक उभारावे लागते, आणि तिथे फसगत होण्याचा संभव असतो. पहिल्या महायुद्धात आल्सासची बहुतेक मुले जर्मन गणवेशात मेली होती, त्यामुळे ‘फ्रान्ससाठी हुतात्मा’ हा ठरावीक मजकूर दगडावर कोरता येईना. 1936 मध्ये स्ट्रासबर्गच्या चौकात जे शिल्प बसवले, त्यात एक आई दोन मरणाऱ्या मुलांना सावरून बसली आहे. मुले उघडी आहेत, कारण कपडे घातले असते तर कोणत्या सैन्याचे, हा प्रश्न उभा राहिला असता. खाली फक्त ‘आमच्या मृतांना’ एवढेच कोरले आहे. आपल्या शिल्पकारालाही आधीच बजावून ठेवावे, की गणवेश नको आणि ‘कोणासाठी’ हा शब्दही नको.