‘लोटांगण’ घालणारं पत्र: एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुमच्या लेखातलं कोरियन पत्र मी माझ्या कोरियन सहकाऱ्याला दाखवलं. मूळ इंग्रजी पत्रात लेखिका परीक्षकाशी सरळ असहमत आहे. तुमच्या भाषांतरात ती लोटांगण घालते आहे. सारांशाचा तुम्ही तक्ता केलात, ‘डॉ. किम’ हे नाव गाळलंत, वर फाइल ‘हान्गुल’मध्येच द्या म्हणता, जे आता जुनं झालं. याला भाषांतर म्हणत नाहीत. थोडा अहंकार कमी करून लिहिलंत तर बरं होईल.» – एक वाचक

नमस्कार. संशोधन निबंधाच्या दुरुस्त्यांसोबत नियतकालिकाच्या संपादकाला जे इंग्रजी पत्र जातं, ते कोरियनमध्ये कसं न्यायचं यावरच्या माझ्या लेखाबद्दल ही प्रतिक्रिया आहे. अहंकाराचं आधी घेते, कारण तुम्ही तो शेवटी ठेवलात म्हणजे तोच तुमच्या मनात पहिला असणार. मी लेखात ‘मला असं वाटतं’ हे शब्द वारंवार वापरले आहेत. तुमच्या प्रतिक्रियेत ते एकदाही नाहीत. असो. सहकाऱ्याला दाखवून मग लिहिलंत, एवढं कौतुक मात्र करते. बहुतेक जण तेही करत नाहीत.

‘हान्गुल’ या कोरियन लेखन-सॉफ्टवेअरच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. कोरियातली बरीच नियतकालिकं आता वर्डची फाइलही घेतात, आणि ज्या त्या नियतकालिकाच्या सूचना वाचून ठरवा असं मी लिहायला हवं होतं. ‘डॉ. किम’ वर मात्र वेळ घालवत नाही. कोरियात पाचातला एक माणूस किम आहे, आणि तिथे संपादकाला पदाने हाक मारतात: फ्यॉनजिबविवॉनजांगनिम, म्हणजे संपादक मंडळाचे अध्यक्ष. पत्र मंडळाला असेल तर शेवटी ‘क्वीजुङ’, व्यक्तीला असेल तर ‘क्वीहा’. त्या ‘निम’ला ‘क्वीहा’ जोडलं की मान दोनदा दिल्यासारखं होतं, म्हणून दोन्ही एकत्र टाळायचे. संपलं.

आता लोटांगण. हे एक वाक्य मला झोंबलं, हे लपवत नाही, आणि बाकीचं सोडून त्याच्याच मागे लागते आहे हेही मला दिसतंय.

जे वाचक मधूनच आले त्यांच्यासाठी प्रकरण सांगते. निबंध सामाजिक शास्त्रातला, मुलाखतींवर आधारलेला. चौदा जणांच्या दीर्घ मुलाखती. दुसऱ्या परीक्षकाने लिहिलं की नमुना लहान आहे, तो वाढवून तीस करा. लेखिकेने इंग्रजीत उत्तर दिलं: परीक्षकांच्या सूचनेशी आम्ही आदरपूर्वक असहमत आहोत, नमुना वाढवल्यास अभ्यासाचं स्वरूपच बदलेल. त्याच पत्रात दोन परिच्छेद खाली होतं की या मर्यादेचा उल्लेख निष्कर्षात केला आहे.

‘आम्ही असहमत आहोत’ हे कोरियनमध्ये शब्दशः लिहिता येतं: तोङ्इहाजी आनसुम्निदा. व्याकरण बरोबर, शुद्धलेखन बरोबर. पण संपादकाला लिहिलेल्या पत्रात ते करारावर सही नाकारल्यासारखं वाचलं जातं. त्याच्यापुढे ‘आदरपूर्वक’ हा शब्द लावला तर आणखी विचित्र, कारण इंग्रजीत तो एक शब्द जे काम करतो ते कोरियनमध्ये वाक्याच्या रचनेने करायचं असतं. म्हणून मी लिहिलं ते असं: नमुन्याच्या आकाराच्या मर्यादेबद्दल परीक्षकांनी जे निदर्शनास आणलं त्याच्याशी लेखकही सहमत आहेत. तामान, म्हणजे ‘मात्र’, प्रस्तुत अभ्यासाचा हेतू थोड्या मुलाखतींचं सखोल विश्लेषण हा असल्याने या निबंधात संख्या वाढवलेली नाही. त्याऐवजी ही मर्यादा निष्कर्षात नमूद केली आहे.

तुमचा सहकारी पहिल्या वाक्यापाशी थांबला असावा. कोरियन वाचक ‘तामान’ला थांबत नाही. त्या शब्दानंतर खरी गोष्ट येते हे त्याला माहीत असतं, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी असल्याने ‘वाढवलेली नाही’ हे अगदी टोकाला, ठसठशीत पडतं. आपल्याकडे महापालिकेची नोटीस ‘कृपया सात दिवसांत अनधिकृत बांधकाम काढून घ्यावे’ म्हणते, तेव्हा कुणी म्हणतं का की पालिका घरमालकापुढे लोटांगण घालते आहे?

आता तुम्ही म्हणाल (तुम्ही म्हणाला नाहीत, पण तुमच्या जागी मी असते तर म्हटलं असतं) की ‘लेखकही सहमत आहेत’ हे मूळात नव्हतं, ते मी घातलं. बरोबर, घातलं. आणि त्यात धोका आहेच, तो तुम्ही ओळखला नाहीत एवढंच. ‘सहमत’साठी कोरियनमध्ये ‘कोङ्गाम’ म्हटलं की तुम्ही परीक्षकाचा मुद्दा मान्य केला: नमुना लहान आहे, आणि ती उणीव आहे. लेखिकेला ती उणीव वाटतच नसेल तर हे तिच्या तोंडी खोटं विधान झालं. अशा वेळी ‘छ्वीजी’ वापरायची, म्हणजे सूचनेमागचा हेतू समजतो, एवढंच कबूल करायचं आणि मतावर काहीच बोलायचं नाही. हे दोन पर्याय मी लेखिकेपुढे ठेवले. निष्कर्षात तिने स्वतःच मर्यादा मान्य केली असल्यामुळे तिने पहिला निवडला. तिने दुसरा निवडला असता तर पत्र जरा थंड झालं असतं, पण चाललं असतं.

हे मी कुठे शिकले ते सांगते, कारण तुम्ही माझ्या पात्रतेबद्दल सूचक बोलला आहात. मी दिल्लीला जेएनयूत कोरियन शिकले आणि नंतर कोरियातल्या एका विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयात काम केलं, जिथे परदेशी संशोधकांची अशी पत्रं माझ्या टेबलावर यायची. एका पत्रावर नियतकालिकाच्या कार्यालयातून फोन आला होता. भाषांतर दुसऱ्या कुणीतरी केलेलं, अतिशय ‘प्रामाणिक’. फोनवरच्या बाईंचा प्रश्न साधा होता: लेखकाने दुरुस्ती केली आहे की नाही? एवढं ठणठणीत ‘असहमत आहोत’ लिहूनही त्यांना ते कळलं नव्हतं, कारण पत्रात भूमिका होती, पण निबंधात काय केलं आणि काय नाही याचं एकही वाक्य नव्हतं. तुमची स्पष्टोक्ती तिथे तशी निकामी ठरली, माफ करा.

आणि इथेच तक्ता येतो, ज्याला तुम्ही अर्ध्या वाक्यात झटकलंत.

इंग्रजी नियतकालिकांना पाठवायच्या पत्रात संपादकाला नमस्कार, आभार आणि दुरुस्त्यांचा सारांश असं सगळं एकाच मजकुरात चालतं. कोरियन नियतकालिकांना बहुधा वेगळी सुजॉङ तेजोफ्यो, म्हणजे दुरुस्तीची तुलनासारणी, हवी असते. रकाने साधारण असे: परीक्षकाची सूचना, त्यावर लेखकाचं उत्तर, दुरुस्तीआधीचा मजकूर, नंतरचा मजकूर, पान आणि ओळ. कित्येक ठिकाणी आणखी एक छोटा रकाना असतो, सूचना अमलात आणली की नाही एवढंच सांगणारा. त्यात पान्यङ, पुबुन पान्यङ किंवा मिबान्यङ यांपैकी एक लिहायचं, म्हणजे आणली, अंशतः आणली, आणली नाही. तुमच्या लाडक्या दुसऱ्या परीक्षकाच्या तीस मुलाखतींसमोर मी काय लिहिलं होतं? मिबान्यङ. मान देणारं क्रियापद नाही, आभार नाहीत, तामान नाही. इंग्रजी पत्रातल्या ‘असहमत’पेक्षा हे जास्त कोरडं आहे. तुमच्या सहकाऱ्याला बहुधा फक्त पत्र दाखवलं गेलं, तक्ता नाही.

पत्र आणि तक्ता वेगळे करायचं दुसरंही कारण आहे आणि ते शैलीचं नाही. निकाल ‘दुरुस्तीनंतर पुन्हा परीक्षण’ असा असेल तर उत्तर परत त्याच परीक्षकाकडे जातं, आणि त्याला लेखक कोण हे कळता कामा नये. मूळ पत्रात लेखिकेचं नाव, विद्यापीठ, शिवाय ‘आमच्या आधीच्या अभ्यासात आम्ही दाखवल्याप्रमाणे’ असं एक वाक्य होतं. हे सगळं संपादकाच्या पत्रात राहू दिलं. तक्त्यात मात्र ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ याचं ‘पूर्वीच्या एका अभ्यासात’ केलं आणि फाइलच्या माहितीतलं लेखकाचं नावही काढायला सांगितलं. तुम्ही म्हणता तसं एकसंध, ‘खरं’ भाषांतर केलं असतं तर परीक्षकाला नाव पहिल्याच पानावर मिळालं असतं.

तक्त्यात नवख्या भाषांतरकाराची गंमत होते ती आणखी एका ठिकाणी. उत्तराच्या रकान्यात लेखक संपादकाशी बोलतो, म्हणून वाक्यं ‘-सुम्निदा’ने संपतात. ‘दुरुस्तीनंतरचा मजकूर’ हा रकाना मात्र निबंधातून उचललेला असतो, आणि निबंध साध्या ‘-दा’ शैलीत असतो. एकाच तक्त्यात दोन शैली पाहून घाबरून सगळंच ‘-सुम्निदा’ करून टाकतात. मग तक्त्यातलं वाक्य निबंधातल्या वाक्याशी जुळत नाही, आणि ताडून पाहणारा संपादक विचारतो की दुरुस्ती नक्की कुठे आहे. पान-ओळीचंही तेच. इंग्रजी पत्रात ‘पान 12, ओळी 8 ते 14’ असेल आणि निबंधही कोरियनमध्ये गेला असेल, तर ते आकडे भाषांतरित करायचे नसतात, फेकून द्यायचे असतात. कोरियन निबंधाची मांडणी पक्की झाल्यावर पुन्हा मोजून भरायचे. मी ते सगळ्यात शेवटी भरते. त्याआधी तिथे पिवळा रंग असतो.

तेव्हा ‘हे भाषांतर नाही’ या तुमच्या निकालाची माझी कसोटी सांगते. तक्ता कुणा तिसऱ्याच कोरियन माणसाला द्या, इंग्रजी पत्र लपवा, आणि विचारा: कोणत्या सूचना मानल्या, कोणत्या नाही, न मानण्याचं कारण काय, बदल कुठे आहे? त्याने दिलेली उत्तरं इंग्रजी पत्राशी लावून पाहा. फरक पडला तर मी चूक. तो वाक्यांच्या नम्रतेवर नाराज असेल, तर त्याने संपादकाला असं पत्र कधी लिहिलंय का, तेही जरा विचारा.

उरलेल्या मुद्द्यांना उत्तर देण्यासारखं काही दिसलं नाही. पुढच्या प्रतिक्रियेत सहकाऱ्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगण्यापेक्षा त्याचंच कोरियन वाक्य चिकटवा. मला वाचता येतं.