नाव आधी लिहा, काम नंतर करा

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके टाइप करणाऱ्या आमच्या गटात आज एकाच प्रकरणाच्या दोन फाइली आल्या. एक होती निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या एका ताईंची. डोळ्यांचा त्रास असूनही त्यांनी ते काम रात्री जागून पूर्ण केले होते. दुसरी एका उत्साही तरुणाची. दोन्ही फाइली नीट तपासलेल्या होत्या आणि त्यांपैकी एक आता कोणाच्याही उपयोगाची नाही. मला याचा मनस्वी राग आला आहे.

कोणते प्रकरण कोणाकडे आहे हे आम्ही एका सामायिक गुगल शीटमध्ये लिहितो. तिथे या प्रकरणाच्या ओळीत ‘कोण करत आहे’ या रकान्यात ताईंचे नाव होतेच. तरुणाने काम आधी सुरू केले आणि ‘संपल्यावर नाव टाकू’ असे ठरवले. अहो, काम संपल्याचे नोंदवायला ‘स्थिती’ हा वेगळा रकाना आहे! पहिला रकाना इतरांना थांबवण्यासाठी आहे, श्रेय नोंदवण्यासाठी नव्हे. ‘घेतले आणि जमले नाही तर?’ ही भीती मला समजते, पण त्यावर नाव पुसून टाकणे हा उपाय आहे, नाव न लिहिणे हा नव्हे.

नाव लिहिले म्हणजेही काम भागले असे नाही. दोघांनी एकाच वेळी एकाच चौकटीत लिहिले, तर शेवटी पोहोचलेले नाव टिकते आणि आधीचे मुकाट्याने पुसले जाते. फोन ऑफलाइन असेल तर तुमचे नाव तासाभराने पोहोचून दुसऱ्याचे पुसू शकते. म्हणून नाव लिहून क्षणभर थांबा, शीट पुन्हा पाहा आणि आपलेच नाव दिसले तरच फाइल उघडा. शंका आली तर संगणकावर त्या चौकटीवर उजवे क्लिक करून ‘Show edit history’ निवडा. कोणी, केव्हा बदलले ते तिथे दिसते. ताईंचे नाव आधीपासून होते, हे मला तिथेच कळले.

आणखी एक विनंती, जरा शांतपणे. फक्त नावांचा रकाना निवडून तो क्रमाने लावू नका. तसे केले की नावे सरकतात, कामे जागच्या जागी राहतात आणि ताईंचे नाव भलत्याच प्रकरणासमोर जाऊन बसते. आपल्यापुरता क्रम बदलायचा असेल तर फिल्टर व्ह्यू वापरा. त्याने इतरांची शीट हलत नाही.

त्या तरुणाला मी फार बोललो नाही. त्याची मेहनतही खरीच होती, आणि ताईंनी स्वतःच ‘दोन्ही प्रती ताडून पाहू, चुका सापडतील’ असे सुचवले. तेवढा एक फायदा मान्य करतो, पण तपासणीसाठी आम्हाला दुसरे टंकलेखन नको होते, दुसरी नजर हवी होती.

आता नावापुढे तारीखही लिहायची आहे. आठवडाभर हालचाल नसलेल्या ओळींबद्दल मी आधी विचारीन आणि दोन दिवसांत उत्तर आले नाही, तर नाव काढून ओळ मोकळी करीन. ज्यांचे काम अजून चालू आहे, त्यांनी आज रात्रीच तारीख टाकावी.