गॅमा धन आला म्हणून मॅनेजरला बाजार आधी कळतो, असे होत नाही

«या फंडाचा गॅमा 1.8, धन! म्हणजे बाजार चढण्याआधीच मॅनेजर बीटा वाढवतो, हे गणिताने सिद्ध झाले आहे. R² 94 टक्के. एसआयपी बंद करा, सगळे पैसे एकदम यातच टाका.»

जळगाव-भुसावळकडच्या गटांमधून हा मजकूर आलेखाच्या चित्रासह कित्येक दिवस फिरत होता, आणि मी त्याकडे दुर्लक्षही केले असते. पण रावेरच्या माझ्या मामांनी केळीच्या हंगामाचे आलेले पैसे याच फंडात घालायचे ठरवले आणि मला फक्त फॉर्म भरून द्यायला सांगितले, तेव्हा उत्तर लिहिणे भाग पडले.

हा गॅमा ज्या कसोटीतून निघतो ती खरी आहे, एवढे मी मान्य करतो. ट्रेनर आणि मेझुय यांनी ती 1966 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडली. बिनजोखमीचा दर वजा करून उरलेला फंडाचा परतावा एका बाजूला घ्यायचा आणि बाजाराचा तसाच परतावा, त्याच्या वर्गासह, दुसऱ्या बाजूला:

```
r_p = α + β·r_m + γ·r_m² + ε
```

बीटा म्हणजे बाजार एक टक्का हलला की फंड किती टक्के हलतो ते, आणि अल्फा म्हणजे बाजार जागचा न हलताही फंडाला मिळणारा किंवा त्याचा जाणारा भाग. मॅनेजर तेजीच्या महिन्यांत जास्त बीटा आणि मंदीच्या महिन्यांत कमी बीटा ठेवत असेल, तर बिंदूंमधून सरळ रेघ न जाता वर वळणारा वक्र जातो, आणि ते वळण म्हणजे गॅमा. पण त्याच लेखाचा निष्कर्ष संदेश लिहिणाऱ्याने वाचलेला दिसत नाही. 1953 ते 1962 या वर्षांच्या वार्षिक आकड्यांवर त्यांनी 57 फंड तपासले आणि त्यांपैकी फक्त एका फंडात दखल घेण्याजोगे वळण सापडले. पाच टक्क्यांच्या पातळीवर 57 वेळा कसोटी लावली, तर कोणाकडेही कौशल्य नसताना निव्वळ योगायोगाने दोन-तीन फंड तरी तसे दिसायला हवेत.

आता सर्वांत घातक शब्दाकडे येतो: «आधीच». वरच्या समीकरणात फंडाचा परतावा आणि बाजाराचा परतावा एकाच महिन्याचे आहेत. आधी काय झाले आणि नंतर काय झाले, याची नोंदच त्यात नाही. कसोटीला फक्त वळण दिसते, आणि तसे वळण यायला बाजाराचा अंदाज लागतोच असे नाही. हे कागदावर करून पाहता येते.

समजा, एका फंडाने सगळा पैसा निर्देशांकात ठेवला आणि दर महिन्याला त्या दिवसाच्याच पातळीचा पुट ऑप्शन, म्हणजे बाजार त्या पातळीखाली गेला तर तोटा भरून देणारा करार, विकत घेतला, ज्याचा प्रीमियम 2 टक्के आहे. बाजाराचे तीन सारख्याच शक्यतेचे महिने घेऊ: अधिक 6, शून्य आणि उणे 6 टक्के. पहिल्या महिन्यात फंडाला प्रीमियम वजा जाऊन 4 टक्के मिळतात. दुसऱ्या महिन्यात प्रीमियम जातो, म्हणून उणे 2. तिसऱ्या महिन्यात बाजारातला 6 टक्के तोटा पुट भरून काढतो आणि पुन्हा उणे 2 उरतात. या तीन बिंदूंमधून वक्र काढला, तर अल्फा उणे 2 टक्के, बीटा 0.5 आणि गॅमा टक्क्यांच्या एककात 0.083, म्हणजे दशांशाच्या एककात 8.3 येतो. संदेशातल्या 1.8 च्या चौपटीहून जास्त गॅमा, आणि मॅनेजरने महिनाभर काहीही ओळखलेले नाही. तो दर महिन्याला डोळे मिटून तेच करतो.

त्याचा खरा हिशेब अल्फात दिसतो. बाजाराच्या परताव्याच्या वर्गांची सरासरी (36 + 0 + 36) भागिले 3, म्हणजे 24. तिला 0.083 ने गुणले की 2 टक्के येतात, आणि अल्फाचे उणे 2 त्यांना पुरते खाऊन टाकतात. जगन्नाथन आणि कोराइचिक यांनी 1986 साली हेच दाखवले: ऑप्शनसारखी रचना असलेल्या पोर्टफोलिओत वेळ साधण्याचे कृत्रिम कौशल्य दिसते आणि त्याची किंमत ऋण अल्फात दडलेली असते. म्हणून गॅमा कधीही एकटा वाचायचा नसतो. मामांना आलेल्या चित्रात खालच्या ओळीत बारीक अक्षरांत अल्फाही होता: दरमहा उणे 0.5 टक्के. मासिक परताव्यांच्या वर्गांची सरासरी ढोबळपणे 0.003 धरली, तर 1.8 गुणिले 0.003 म्हणजे 0.54 टक्के. दोन्हींची बेरीज महिन्याला 0.04 टक्के होते, आणि या फंडाची सगळी करामत तेवढीच आहे. संदेश लिहिणाऱ्याने त्यातला अर्धाच आकडा मोठ्या अक्षरांत छापला, याचा मला राग येतो.

दुसरी गोष्ट मार्च 2020 ची. चित्रातला कालावधी 2018 ते 2022, म्हणजे 60 महिने. त्या मार्चमध्ये निफ्टी 23 टक्क्यांहून अधिक घसरला. 0.23 चा वर्ग 0.053, तर 4 टक्क्यांच्या साध्या महिन्याचा वर्ग 0.0016. म्हणजे वर्गाच्या पदात तो एक महिना साध्या तेहतीस महिन्यांएवढा जड आहे. वरची सरासरी धरली, तर साठ महिन्यांच्या वर्गांच्या बेरजेतला सुमारे 30 टक्के भाग त्याचाच. त्या महिन्यात फंडाकडे कुठल्याही कारणाने रोकड जास्त पडून असली, तरी वक्राचे डावे टोक उचलले जाते आणि गॅमा फुगतो. तो महिना वगळून रिग्रेशन, म्हणजे बिंदूंमधून वक्र बसवण्याचे गणित, पुन्हा चालवावे. गॅमा कोसळला, तर आपण कौशल्य नव्हे तर एक प्रसंग मोजत होतो.

R² विषयी थोडक्यात, म्हणजे फंडाच्या चढउतारांचा किती भाग समीकरणाने उलगडतो त्याविषयी. 94 टक्के हे बहुतेक सरळ रेघेचे श्रेय आहे, कारण कोणताही बऱ्यापैकी विविध शेअर्सचा फंड बाजाराबरोबर हलतोच. गॅमासाठी पाहायची ती त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो अंदाज साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते. चित्रात ती 1.5 आहे. 1.8 भागिले 1.5 म्हणजे 1.2, आणि साधारण 2 च्या खालच्या आकड्याला कोणी «सिद्ध» म्हणत नाही. शिवाय 1.8 खरा आणि एरवीचा बीटा समजा 0.8 धरला, तरी बाजार 5 टक्के चढणाऱ्या महिन्यात तो 0.89 होतो, याहून मोठे काही घडत नाही.

ज्यांना «आधी» हेच तपासायचे आहे, त्यांच्यासाठी रस्ता उघडा आहे. सेबीच्या नियमांनुसार प्रत्येक योजनेला महिनाअखेरचे पोर्टफोलिओ संकेतस्थळावर द्यावे लागते. त्यातून शेअर्सचा वाटा काढावा, फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, विकून झाकलेला भाग त्यातून वजा करावा, आणि हा निव्वळ वाटा पुढच्या महिन्याच्या बाजाराशेजारी मांडावा. फ्युचर्स वजा करायला विसरले की शेअर्स आणि रोख्यांचे प्रमाण बदलत राहणाऱ्या बॅलन्स्ड अॅडव्हान्टेज प्रकारच्या योजनांचे चित्र पार उलटेपालटे होते. निव्वळ वाटा चढत्या महिन्यांच्या आधी सातत्याने वाढलेला दिसला, तरच त्या शब्दाला काही आधार आहे. महिन्याच्या मध्यात बाजार चढताना खरेदी आणि पडताना विक्री करणारा मॅनेजरही रिग्रेशनमध्ये वर वळलेला दिसतो, पण तो बाजाराच्या मागे धावत असतो.

राहता राहिला एसआयपी बंद करण्याचा सल्ला. मॅनेजर खरोखरच वेळ साधत असेल, तर ते काम फंडाच्या आत होते आणि दरमहा आलेल्या हप्त्यालाही त्याचा तेवढाच लाभ मिळतो. गॅमा कितीही असो, गुंतवणूकदाराने पैसे एकदम घालावेत की थोडेथोडे, याविषयी ही कसोटी एक अक्षरही सांगत नाही. मामांना मी फॉर्म भरून दिलेला नाही. चित्र आणि अल्फाची ती खालची ओळ, दोन्ही त्यांच्यासमोर ठेवली आहेत.